पत्ते पन्नास, मागणारे सहासष्ट

नाशिकला माझ्या आत्याचं दुमजली घर आहे. खाली वहिनी दहावीच्या गणिताचे क्लास घेतात, वर बाकी कुटुंब राहतं. जुलै २०२५ मधल्या एका शनिवारी दुपारी मी तिथं पोहोचलो, तेव्हा चहाच्या आधीच वहिनींनी विषय काढला. “भाऊजी, आमचं वायफाय कधी सातच्या बॅचला चालत नाही, कधी पाचच्या. आज सकाळच्या मुलांचं अडलं. चाचणी ॲपवर असते, निम्मी मुलं नुसती बसून राहतात. राउटर बंद करून चालू केला की चालतं, पण दुसऱ्या दिवशी परत तेच.”

इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. वेग मोजून “सगळं ठीक आहे” म्हणाला होता, आणि त्याचं चूक नव्हतं. ज्यांचे फोन जोडले जात होते त्यांचं इंटरनेट उत्तम चालत होतं. अडत होते ते फक्त नव्यानं येणारे. तक्रारीतला हा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. लाइन मंद असेल तर त्रास सगळ्यांना होतो. आधी आलेल्यांचं सुरळीत आणि नंतर आलेल्यांचं बंद असं असेल, तर काहीतरी मोजकं आहे आणि ते संपतंय असं समजावं.

काय संपतंय याच्या दोन शक्यता होत्या. एक म्हणजे राउटरचा रेडिओ एका वेळी ठरावीक फोनच सांभाळू शकतो, ती मर्यादा. दुसरी म्हणजे आयपी पत्ते, नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला लागणारा वेगळा क्रमांक. फोनच्या पडद्याकडे नीट पाहिलं तर बऱ्याचदा फरक कळतो. वहिनींनी सकाळी एका मुलाच्या फोनचा फोटो काढून ठेवला होता, त्यावर `Obtaining IP address` असं येऊन तो अडकला होता. म्हणजे पासवर्ड मान्य झाला होता, रेडिओनं फोनला आत घेतलं होतं, पण पत्ता मिळत नव्हता. विंडोजच्या लॅपटॉपवर हाच आजार `169.254` नं सुरू होणाऱ्या पत्त्याच्या रूपात दिसतो. पत्ता देणारं कुणी उत्तरच देत नाही असं पाहिल्यावर लॅपटॉपनं स्वतःच उचललेला तो पत्ता असतो. त्यावर इंटरनेट चालत नाही.

वहिनींच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आली. पाचच्या बॅचमधल्या एका मुलाचं मात्र कधीच अडत नाही. त्यानं कुठलासा व्हिडिओ बघून फोनमध्ये `192.168.1.50` हा पत्ता हातानं भरून ठेवला होता. राउटरकडे पत्ता मागायचाच नाही, म्हणून त्याला नकार मिळायचा प्रश्नच नव्हता. त्या पोरानं नकळत निदानच करून ठेवलं होतं. त्याच वायफायवर, त्याच वेळी, हातानं भरलेल्या पत्त्यावर इंटरनेट चालतं आणि मागितलेला पत्ता मिळत नाही, याचा अर्थ रेडिओ आणि लाइन दोन्ही निर्दोष आहेत. दोष पत्ते वाटण्यात आहे.

पत्ते वाटायचं हे काम डीएचसीपी करतं. आज चालतं ते त्याचं रूप १९९७ साली आरएफसी २१३१ या तांत्रिक दस्तऐवजात ठरलं. फोन नेटवर्कवर आला की “मला पत्ता हवा” अशी हाक देतो. राउटर आपल्या साठ्यातला, म्हणजे पूलमधला, एक मोकळा पत्ता पुढे करतो. फोन तो मागून घेतो आणि राउटर पक्का करतो. पण पत्ता कायमचा मिळत नाही, तो भाड्यानं मिळतो आणि त्या भाडेकराराची मुदत म्हणजे लीज. अर्धी मुदत उलटली की फोन आपणहून नूतनीकरण मागतो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. फोन घराबाहेर गेला तर बहुधा “मी चाललो, पत्ता परत घ्या” असं सांगत नाही, नुसता रेंजबाहेर जातो. राउटरला हे कळायचा मार्ग नसतो. तो मुदत संपेपर्यंत तो पत्ता, भाड्याची खोली अडवावी तसा, फोनच्याच नावावर अडवून ठेवतो.

मी राउटरच्या पानावर लॉगिन करून डीएचसीपीची सेटिंग उघडली. पूल `192.168.1.100` ते `192.168.1.149`, म्हणजे ५० पत्ते. लीज `86400` सेकंद, म्हणजे २४ तास. हा पूल मुळात एवढा लहान नव्हता. सीसीटीव्ही बसवणाऱ्यानं कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला `192.168.1.200` हा कायमचा पत्ता दिला होता, आणि तो दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून पूल आखडता घेतला होता. विचार बरोबर होता, माप फारच आखूड. क्लास तेव्हा सुरू झाले नव्हते, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही.

मग मी वाटलेल्या पत्त्यांची यादी उघडली. ५० पैकी ५० भरलेले. दुपारचे चार वाजले होते, घरात आम्ही पाच माणसं, क्लासची खोली रिकामी.

आत्येभावाला बरोबर घेऊन मी ती यादी एकेक करून ओळखली. हे काम कंटाळवाणं असतं, पण त्याशिवाय पूलचं माप ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. घरातली स्वतःची उपकरणं ३० निघाली. सात फोन, तीन लॅपटॉप, क्लासच्या खोलीतला चोवीस तास चालू असणारा कॉम्प्युटर, तीन टीव्ही, एक सेट टॉप बॉक्स, एक टॅबलेट, प्रिंटर, दोन स्पीकर, दोन एसी, छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर आणि आठ स्मार्ट प्लग व दिवे. घरच्यांना विचारलं तेव्हा ते “पंधराएक असतील” म्हणाले होते. फोन आणि लॅपटॉप माणूस मोजतो, दिव्याला पत्ता लागतो हे त्याच्या मनात येत नाही. उलट कॅमेरे आठ असूनही त्यांना एकही पत्ता लागत नव्हता, कारण ते कोॲक्स केबलनं डीव्हीआरला जोडलेले होते आणि नेटवर्कवर दिसायचा तो एकटा डीव्हीआर.

घरातल्या तीन फोनांची नावं यादीत दोनदा होती, वेगवेगळ्या मॅक पत्त्यांसह. मॅक पत्ता म्हणजे ज्यावरून राउटर उपकरण ओळखतो तो उपकरणाचा स्वतःचा क्रमांक. राउटरनं २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन वेगळ्या नावांनी वायफाय सोडलं होतं. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता लपवून प्रत्येक वायफायच्या नावासाठी एक वेगळा बनावट पत्ता वापरतात. खाली एका नावावर आणि रात्री वरच्या खोलीत दुसऱ्या नावावर जाणारा फोन राउटरच्या लेखी दोन वेगळी उपकरणं ठरतो आणि दोन पत्ते अडवतो. दोनदा दिसणाऱ्या मॅकचा दुसरा हेक्स अंक `2`, `6`, `A` किंवा `E` असेल तर तो बनावट आहे असं ओळखता येतं. पत्ते संपण्याचं खापर हल्ली सर्रास या बनावट मॅकवर फोडतात. पण एकाच नावाच्या घरगुती वायफायवर फोन सहसा तोच बनावट पत्ता दर वेळी वापरतो, त्यामुळे रोज नवी भर पडत नाही. इथं त्याचा वाटा तीन नोंदींचा होता.

म्हणजे ३३ नोंदी घरच्या. उरलेल्या १७ क्लासच्या मुलांच्या, आणि त्यातलं एकही मूल घरात नव्हतं.

मला कुतूहल होतं ते तक्रार बॅच का बदलते याचं. त्याचं उत्तर क्लासच्या कॉम्प्युटरवर मिळालं. `ipconfig /all` दिल्यावर हे दिसलं:

```
IPv4 Address. . . . : 192.168.1.131(Preferred)
Lease Obtained. . . : 19 July 2025 07:16:40
Lease Expires . . . : 20 July 2025 07:16:40
```

करार शनिवारी सकाळी ७:१६ ला नवा झाला होता. नूतनीकरण अर्ध्या मुदतीला होतं, म्हणजे मूळ करार त्याआधी १२ तास, शुक्रवारी संध्याकाळी ७:१६ चा. “काल सव्वासातच्या सुमाराला राउटर कुणी बंद केला होता का?” असं विचारल्यावर आत्येभाऊ म्हणाला, “मीच. पोरांचं चालत नव्हतं म्हणून.”

पुढचं गणित कागदावर मांडलं. सकाळी ७ ते ८:३० च्या बॅचला १० मुलं, संध्याकाळी ५ ते ६:३० ला हातानं पत्ता भरलेला मुलगा सोडून १२, आणि ७ ते ८:३० ला १४. घरची ३० धरून एका दिवसात पत्ता मागणारे ६६. या राउटरची यादी तात्पुरत्या मेमरीत असते, ती बंद केल्यावर पुसली जाते. शुक्रवारी ७:१६ ला सगळं पुसलं गेलं आणि त्या क्षणी जे हजर होते त्यांनी नव्यानं पत्ते घेतले. घरची ३० आणि सातच्या बॅचची १४, मिळून ४४. रात्री तीन फोन वर जाऊन दुसऱ्या नावावर चढले, ४७. सकाळच्या दहांपैकी तिघांना मिळाले आणि पन्नास भरले. उरलेली सात मुलं बसून राहिली. सातच्या बॅचची १४ मुलं साडेआठलाच घरी गेली होती, पण त्यांच्या खोल्या शनिवारी संध्याकाळी ७:१६ पर्यंत अडलेल्या.

“मग आज पाचच्या बॅचला एकालाही मिळणार नाही,” मी म्हणालो, “तो हातानं पत्ता भरलेला मुलगा सोडून.” पाच वाजता तसंच झालं. तोवर मी मुद्दाम काहीच बदललं नव्हतं, निदान खरं आहे की नाही हे बघायचं होतं. राउटर पुन्हा बंद-चालू केला असता तर पाचच्या मुलांचं भागलं असतं. घरची ३० आणि ही १२ मिळून ४२ झाले असते, सातच्या चौदांना ८ उरले असते आणि सहा जण अडले असते. ज्या बॅचला राउटर रीस्टार्ट होतो ती बॅच २४ तासांसाठी पत्ते धरून बसते आणि पुढच्यांचं अडतं. उपायच तक्रारीला एका बॅचवरून दुसऱ्या बॅचवर ढकलत होता. बाहेरून बघणाऱ्याला ते लहरी वाटत होतं, पण घड्याळाप्रमाणे चाललं होतं.

रीस्टार्टचा आणखी एक तोटा असतो. वरच्या मजल्यावरचा टीव्ही मधल्या स्विचला जोडलेला आहे. राउटर बंद झाला तरी स्विच चालू राहतो, टीव्हीला काही घडल्याचं कळत नाही आणि तो जुनाच पत्ता वापरत राहतो. राउटर मात्र यादी विसरलेला असतो, तो तोच पत्ता दुसऱ्याला देऊ शकतो. चांगले राउटर पत्ता देण्याआधी तिथं कुणी उत्तर देतं का हे हाक मारून बघतात. टीव्ही त्या वेळी झोपलेला असला तर उत्तर येत नाही आणि दोघांना एकच पत्ता जातो.

आत्येभावानं इंटरनेटवर वाचलं होतं की लीज कमी करावी, दोन तास ठेवावी. हा सल्ला सगळीकडे मिळतो. इथं तो लागू केला असता तर काय झालं असतं हे बघण्यासारखं आहे. मूल पाच वाजता आलं, दोन तासांची लीज मिळाली. सहा वाजता, अर्ध्या मुदतीला, फोननं ती नवी केली, आता मुदत आठपर्यंत. मूल साडेसहाला घरी गेलं. सात वाजता पुढची बॅच आली तेव्हा त्या बारा खोल्या अजून अडलेल्याच. ३० अधिक १२, उरले ८, मागणारे १४. पुन्हा सहा मुलं बाहेर. २४ तासांच्या लीजला रीस्टार्टनंतर जे झालं असतं, तंतोतंत तेच.

एक तास केली तर? साडेपाचला, सहाला आणि साडेसहाच्या सुमाराला नूतनीकरण. शेवटचं निघायच्या जरा आधी होतं, म्हणून पत्ते साधारण साडेसातला मोकळे होतात. चाचणी सव्वासातला सुरू होते. अर्धा तास केली तरच दर पाव तासाला नूतनीकरण होऊन सातपर्यंत जुनी मुलं पुसली जातात, आणि ३० अधिक १४ असे ४४ पन्नासात बसतात. तेही सहा पाहुणे येईपर्यंत. निघून गेलेला फोन पत्ता किती काळ अडवतो याचं उत्तर अर्ध्या लीजपासून पूर्ण लीजपर्यंत कुठंही असू शकतं, कारण शेवटचं नूतनीकरण निघताना नुकतंच झालेलं असू शकतं. हिशेब नेहमी पूर्ण लीजनं करावा. दोन बॅचमधलं अंतर अर्ध्या तासाचं, तर लीज अर्ध्या तासाहून मोठी चालणार नाही.

इतकी लहान लीज ठेवायला माझा विरोध होता. राउटर तासभर बंद राहिला तर घरातल्या सगळ्या उपकरणांचे करार मधेच संपतात. स्विचवरचे टीव्ही, कॉम्प्युटर, प्रिंटर एकमेकांशी बोलू शकत असतात, तेही बंद पडतं. आणि हे सगळं कशासाठी, तर पत्ते वाचवण्यासाठी. घरातले पत्ते फुकट असतात. `192.168` चे पत्ते खाजगी वापराचे, कुणाला पैसे द्यायचे नाहीत, परवानगी घ्यायची नाही. नेटवर्क किती मोठं हे मास्क ठरवतो, आणि `255.255.255.0` हा मास्क असलेल्या नेटवर्कमध्ये २५४ पत्ते वापरता येतात. घरानं त्यातले ५० उघडले होते आणि बाकीचे कुलपात ठेवले होते. लीज हे काटकसरीचं साधन आहे, ते खरी टंचाई असेल तिथं वापरावं. रेल्वे स्टेशनवर, मोठ्या मंगल कार्यालयात.

पूलचं माप असं काढलं. एका पूर्ण लीजच्या काळात, म्हणजे २४ तासांत, पत्ता मागणारे जास्तीत जास्त किती? घरची ३०. दोन वायफाय नावांमुळे घरचे सातही फोन दुहेरी झाले तर ७. तिन्ही बॅचची ३६. गणपतीत किंवा सत्यनारायणाला येणारे पाहुणे, आत्याच्या अंदाजानं २५ ते ३०. बेरीज १०३. पुढच्या वर्षी एखादी बॅच वाढेल, घरात आणखी दिवे येतील, म्हणून त्यावर साधारण निम्म्याहून जास्त मोकळीक ठेवली. पूल `192.168.1.20` ते `192.168.1.199` असा केला, १८० पत्ते. खालचे `.2` ते `.19` हातानं द्यायच्या पत्त्यांसाठी राखले, डीव्हीआर `.200` वर होता तो बाहेरच राहिला. लीज २४ तासच ठेवली. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर गुण कशानं आला ते कळलं नसतं, आणि लीज बदलायची गरज हिशेबात दिसतही नव्हती.

२५४ ही अपुरे पडले असते तर मास्क `255.255.254.0` करून दुप्पट जागा मिळते, पण मग हातानं पत्ता दिलेल्या प्रत्येक उपकरणातही तो मास्क बदलावा लागतो. घरात ती वेळ मी अजून पाहिलेली नाही. मुलांसाठी पाहुण्यांचं वेगळं वायफाय करायचा विचारही करून पाहिला. चालू करून त्यावर फोन जोडला तर त्यालाही `192.168.1` चाच पत्ता मिळाला. या राउटरवर पाहुण्यांचं नाव वेगळं असलं तरी पूल तोच होता, म्हणून पत्त्यांपुरता त्याचा काही उपयोग नव्हता. दोन्ही वायफायना मात्र एकच नाव दिलं, म्हणजे दुहेरी नोंदी थांबल्या. प्रिंटरला त्याच्या मॅकवरून राखीव पत्ता दिला, कारण रीस्टार्टनंतर त्याचा पत्ता बदलून छपाई बंद पडायची, हे आत्यानं जाता जाता सांगितलं होतं.

लीजचा आकडा भरायची वेळ आली तर एककाकडे बघावं. या राउटरला सेकंद हवे होते, दुसऱ्यांना मिनिटं हवी असतात. २४ तास म्हणून सेकंदांच्या रकान्यात नुसतं `24` लिहिलं, आणि राउटरनं ते मान्य केलं, तर सगळं घर दर बारा सेकंदांनी नूतनीकरण मागत बसेल. लीज खरोखर कमी केली तर तिचा परिणामही लगेच दिसत नाही. आधी दिलेले करार जुन्याच मुदतीनं चालतात, नवा आकडा पुढच्या नूतनीकरणाला लागू होतो. त्या दिवशी संध्याकाळी कमी करून त्याच संध्याकाळी फरक शोधणारा माणूस निराश होऊन सेटिंग परत फिरवतो.

सात वाजता चौदा मुलं आली आणि चौदाही फोन जोडले गेले. यादीत ६० च्या पुढे आकडा गेला, कारण पूल वाढवल्याबरोबर पाचच्या मुलांनाही पत्ते मिळाले होते. रेडिओची मर्यादा आड आली नाही, एका वेळी हवेत असलेली उपकरणं चाळिसाच्या आतच होती.

मंगळवारी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, सगळ्यांचं चालतंय, पण त्या एकाचं चालत नाही. ज्याचं कधी अडत नव्हतं ना, त्याचंच.” मी ही गोष्ट शनिवारीच करायला हवी होती. त्यानं भरलेला `192.168.1.50` पूर्वी पूलच्या बाहेर होता, आता आत आला होता. मुलगा घरी असताना राउटरला तो पत्ता मोकळा दिसला आणि त्यानं तो सकाळच्या एका मुलीला दिला. हाक मारून बघितलं असतं तरी उत्तर द्यायला तिथं कुणी नव्हतं. तेव्हापासून तो तिच्या नावावर. त्या दिवशी ती सुट्टीचा धडा भरून काढायला पाचच्या बॅचला आली होती, आणि एका पत्त्यावर दोन फोन झाल्यानं दोघांचंही तुटत-जोडत चाललं होतं. वहिनींनी फक्त मुलाचं पाहिलं होतं.

मी त्याला फोनवर घेतलं आणि वायफायच्या सेटिंगमध्ये आयपी `Static` वरून परत `DHCP` वर न्यायला सांगितलं. “काका, पण मग परत अडकणार नाही ना?” त्यानं विचारलं. मी त्याला १८० चा हिशेब सांगितला. त्यानं सेटिंग बदलली, आणि त्याला मिळालेला नवा पत्ता वाचून दाखवला: `192.168.1.87`.